गरोदरपणाची यादी: कोणती ओळ कुठून आली

गरोदरपणाची नोंद झाली की हातात एक कार्ड येतं. सरकारी दवाखान्यात ते माता व बाल संरक्षण कार्ड असतं, खासगी दवाखान्यात एखादी जाड फाइल. आत महिन्यांचे आणि तपासण्यांचे रकाने असतात. पहिल्या भेटीत रक्तगट, हिमोग्लोबिन, लघवी, एचआयव्ही. चौथ्या महिन्यापासून लोहाच्या गोळ्या. पाचव्यात मोठी सोनोग्राफी. शेवटी शेवटी भेटी जवळ जवळ येतात, मग दवाखान्याची पिशवी आणि जन्माचा दाखला. वाचताना वाटतं, हे सगळं कुणी तरी एका बैठकीत ठरवलं असावं. प्रत्यक्षात या ओळी वेगवेगळ्या काळांत, वेगवेगळ्या भीतींपोटी यादीत आल्या. कोणती ओळ कशासाठी आली हे कळलं की ती पुढं ढकलता येते का, हेही कळतं. त्यासाठी हा मागोवा.

सोयीसाठी एक उदाहरण धरू. एका बाईची शेवटची पाळी 10 जून 2025 रोजी सुरू झाली. पुढच्या सगळ्या तारखा तिच्या.

आहाराची यादी

महिन्यागणिक यादी आपल्याकडं फार जुनी आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, गर्भिणीनं कोणत्या महिन्यात काय घ्यावं ते क्रमानं सांगितलं आहे. पहिल्या महिन्यात साधं दूध, दुसऱ्यात मधुर औषधींनी सिद्ध केलेलं दूध, तिसऱ्यात मध-तूप घातलेलं दूध. चौथ्यात लोणी, पाचव्यात तूप, सहाव्या-सातव्यात औषधी तूप, आठव्यात दुधातली पेज आणि नवव्यात तेलाची बस्ती.

त्याच अध्यायात नववा महिना लागण्याआधी सूतिकागृह बांधून सज्ज ठेवायला सांगितलं आहे आणि आत काय काय हवं याची लांबलचक यादी दिली आहे. तूप, तेल, मध, सैंधव, मुसळं आणि उखळं, सोन्या-चांदीच्या सुया, धारदार लोखंडी शस्त्रं, बेलाच्या लाकडाचे दोन पलंग, शेकोटीसाठी टेंभुर्णी आणि हिंगणबेटाची लाकडं. सोबतीला अनेक बाळंतपणं झालेल्या, मायेच्या बायका. आजच्या दवाखान्याच्या पिशवीची ही पूर्वज म्हणायला हरकत नाही. 1886 मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर होताना आनंदीबाई जोशींनी प्रबंधासाठी विषय घेतला तो याच परंपरेचा, आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा.

याला समांतर संस्कारांची यादी चालत होती. गृह्यसूत्रांत तिसऱ्या महिन्याच्या सुमारास पुंसवन आणि चौथ्या किंवा त्यानंतरच्या महिन्यात सीमंतोन्नयन येतं. पुंसवन मुलगा व्हावा म्हणून. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण या ओळीला पुढं कायद्यानं उत्तर द्यावं लागलं.

या जुन्या याद्यांमध्ये एक गोष्ट जवळजवळ नाही: वरून दिसत नसलेला दोष शोधणं. काय खावं, काय करावं, काय जमवून ठेवावं हे सगळं आहे. पण बाई ठणठणीत दिसत असताना तिच्या रक्तात किंवा लघवीत काही बिघडतं आहे का, हा प्रश्न विचारायची साधनंच तेव्हा नव्हती.

पहिल्या महिन्याच्याही आधीची ओळ

फॉलिक आम्लाच्या गोळीची कथा मुंबईत सुरू होते. 1928 मध्ये लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. इथल्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांमध्ये एक गंभीर पंडुरोग आढळत होता. त्यात रक्तातल्या तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या होत. तिनं परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना बायकांचा आहार तपासला, माकडांवर प्रयोग केले आणि यीस्टचा स्वस्त अर्क दिल्यावर हा पंडुरोग बरा होतो असं दाखवलं. 1931 मध्ये हे छापून आलं. अर्कातला तो घटक कोणता ते तेव्हा कळलं नव्हतं. पुढच्या दशकात तो वेगळा काढला गेला आणि त्याला फॉलिक आम्ल हे नाव मिळालं.

म्हणजे ही गोळी यादीत आली ती आईच्या रक्तासाठी. बाळासाठी तिची जागा बदलली ती साठ वर्षांनी. 1991 मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या मोठ्या चाचणीनं दाखवलं, की ज्यांच्या आधीच्या बाळात मज्जारज्जूचा दोष होता अशा बायकांनी गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक आम्ल घेतलं तर तो दोष पुन्हा येण्याचं प्रमाण सुमारे 72 टक्क्यांनी घटतं.

यात ‘आधीपासून’ हा शब्द महत्त्वाचा. बाळाची मज्जानलिका गर्भधारणेनंतर सुमारे 28 दिवसांत मिटते. आपल्या बाईचा हिशेब करू. पाळी 10 जूनला, गर्भधारणा साधारण 24 जूनला, म्हणजे नलिका मिटायची वेळ 22 जुलैच्या आसपास. पाळी चुकली 8 जुलैला. आठवडाभर वाट पाहून तिनं घरी चाचणी केली, मग वेळ काढून दवाखाना गाठला, तोवर जुलै संपत आला. कार्डावर पहिल्या तिमाहीत फॉलिक आम्ल लिहिलेलं असतं आणि ते घ्यायलाच हवं, पण मज्जारज्जूसाठी त्याचा मुख्य उपयोग होऊन जायची वेळ तेव्हा टळलेली असते. म्हणून मूल हवं असं ठरलं की गर्भधारणेच्या तीन महिने आधीपासून रोज 400 मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करायची. आधीच्या बाळात असा दोष असेल किंवा फिटची औषधं चालू असतील तर मात्रा बरीच जास्त लागते; ती डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.

तारीख आणि पाचवा महिना

बाळंतपणाची तारीख काढायचा नियम एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, हायडेलबर्गच्या फ्रान्झ नेगेले यांच्या नावानं ओळखला जाणारा. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात सात दिवस मिळवा आणि नऊ महिने पुढं जा. 10 जूनचे 17 जून, आणि नऊ महिन्यांनी 17 मार्च 2026. दिवस मोजले तर बरोबर 280, म्हणजे 40 आठवडे. आपल्या घरातला ‘नऊ महिने नऊ दिवस’ हा हिशेब लावला तर 19 मार्च येतो. दोन दिवसांचाच फरक.

नियमाची मर्यादा अशी, की तो 28 दिवसांचं चक्र गृहीत धरतो. पाळी 40 दिवसांनी येत असेल किंवा तारीखच आठवत नसेल तर तो फसतो. तिथं पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी उपयोगी पडते. त्या वेळी बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून वय काही दिवसांच्या फरकानं सांगता येतं. शेवटच्या तिमाहीत हाच अंदाज दोन-तीन आठवड्यांनी चुकू शकतो, कारण तेव्हा बाळं आपापल्या चणीनं वाढलेली असतात. म्हणून आधीच्या सोनोग्राफीनं ठरलेली तारीख नंतरच्या सोनोग्राफीवरून बदलायची नसते.

इथं घरोघरी एक घोळ होतो. डॉक्टर आठवडे मोजतात, घरची मंडळी महिने. त्यातही ‘पाचवा लागला’ आणि ‘पाचवा भरला’ यांत महिन्याचं अंतर. बाळाचे अवयव नीट तपासायची मोठी सोनोग्राफी, म्हणजे अ‍ॅनॉमली स्कॅन, 18 ते 20 आठवड्यांत करतात. आपल्या बाईसाठी ते दिवस 14 ते 28 ऑक्टोबर. तिला पाचवा लागतो 10 ऑक्टोबरला, आणि भरतो 9 नोव्हेंबरला. ‘पाचव्यात सोनोग्राफी करा’ असं ऐकून ती पाचवा भरल्यावर गेली, तर तोवर 21 आठवडे आणि 5 दिवस झालेले असतात.

या उशिराचं महत्त्व कळायला सोनोग्राफीची आणि कायद्याची वाट एकत्र पाहावी लागते. 1958 मध्ये ग्लासगोच्या इयन डोनाल्ड आणि सहकाऱ्यांनी ध्वनिलहरींनी गर्भ दाखवणारा लेख ‘लॅन्सेट’मध्ये छापला. भारतात 1971 च्या गर्भपाताच्या कायद्यानं 20 आठवड्यांची मर्यादा घातली. बाळाच्या हृदयाचे कप्पे, पाठीचा कणा, मूत्रपिंडं नीट दिसू लागतात ती 18 आठवड्यांच्या पुढं. म्हणून शरीरानं दिलेली खालची सीमा आणि कायद्यानं दिलेली वरची सीमा यांच्यामधल्या अरुंद पट्टीत ही तपासणी बसली. 2021 च्या दुरुस्तीनं काही गटांतल्या बायकांसाठी मर्यादा 24 आठवडे केली आणि बाळात गंभीर व्यंग असल्याचं वैद्यकीय मंडळानं ठरवल्यास ती उठवली. तरी पट्टी पाळलेली बरी. काही शंका निघाली तर पुढच्या तपासण्यांना, अहवालाला आणि घरच्यांना विचार करायला आठवडे लागतात.

त्याच यंत्राचा उपयोग मुलगी आहे का ते पाहून गर्भपात करण्यासाठीही झाला. त्याला आळा घालणारा देशातला पहिला कायदा 1988 मध्ये महाराष्ट्रानं केला. केंद्राचा 1994 मध्ये आला. सोनोग्राफीच्या वेळी ओळखपत्र मागतात, फॉर्म एफ भरतात आणि ‘मला बाळाचं लिंग जाणून घ्यायचं नाही’ यावर सही घेतात, ते यामुळं. संस्कारांच्या यादीत मुलासाठी एक ओळ होती. तपासण्यांच्या यादीत तशी ओळ असणार नाही, हे कायद्यानं लिहून ठेवलं.

शेवटच्या भेटी दाट का

1843 मध्ये लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये जॉन लीव्हर या डॉक्टरनं बाळंतपणात झटके आलेल्या बायकांची लघवी तपासली. तिच्यात प्रथिनं होती, म्हणजे अल्ब्युमिन. तपासायची रीत साधी होती आणि आपल्याकडच्या छोट्या दवाखान्यांतही ती अनेक वर्षं चालली. परीक्षानळी पाऊण भरायची, तिरकी धरून लघवीचा वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचा. वर धुरकट पांढरा थर धरला तर त्यात अ‍ॅसेटिक आम्लाचे दोन-तीन थेंब टाकायचे. थर विरघळला तर ते फॉस्फेट, राहिला तर अल्ब्युमिन. आज हेच काम रंग बदलणारी पट्टी मिनिटभरात करते. रक्तदाब मोजायचा पट्टा 1896 नंतर आला. दोन्ही मिळून एक नवी शक्यता तयार झाली: झटके येण्याआधी आजार ओळखता येणं.

एडिनबर्गच्या जे. डब्ल्यू. बॅलन्टाइन यांनी 1901 मध्ये गरोदर बायकांसाठी वेगळ्या रुग्णालयाची मागणी मांडली. तोवर रुग्णालय होतं ते प्रसूतीसाठी. मग 1929 मध्ये ब्रिटनच्या आरोग्य मंत्रालयानं, जॅनेट कॅम्पबेल यांच्या पुढाकारानं, भेटींचं वेळापत्रक काढलं: 16, 24 आणि 28 आठवड्यांना एकेक भेट, मग 36 पर्यंत पंधरा दिवसांनी आणि त्यानंतर दर आठवड्याला. जगभरातल्या दवाखान्यांनी थोड्याफार फरकानं हेच वापरलं. कोणत्याही चाचणीनं ते आकडे ठरले नव्हते. गरोदरपणातला रक्तदाबाचा आजार शेवटी शेवटी जास्त दिसतो आणि भराभर वाढतो, एवढा अनुभव त्यामागं होता.

पन्नास वर्षांनी, 1980 मध्ये, अ‍ॅबर्डीनच्या डॉक्टरांनी या भेटींतून खरंच काय हाती लागतं ते तपासलं. 2001 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या चार देशांतल्या मोठ्या चाचणीत कमी भेटी पुरेशा वाटल्या आणि चार भेटींचा नमुना आला. भारताचं कार्ड त्याच चारांवर उभं आहे: पहिली 12 आठवड्यांच्या आत, दुसरी 14 ते 26 मध्ये, तिसरी 28 ते 34 मध्ये आणि चौथी 36 नंतर. पुढं त्याच चाचणीचे आकडे पुन्हा पाहिले तेव्हा कमी भेटींच्या गटात बाळांचे मृत्यू किंचित जास्त आढळले. म्हणून 2016 मध्ये संघटनेनं भेटी आठ केल्या, वाढवल्या त्या मुख्यतः शेवटच्या तिमाहीत. भारतात त्याच वर्षापासून दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांत डॉक्टरांकडून तपासणी होते.

आपल्या बाईच्या चार भेटी अशा पडतात: 2 सप्टेंबरच्या आत एक, 9 डिसेंबरपर्यंत दुसरी, 23 डिसेंबर ते 3 फेब्रुवारीत तिसरी, 17 फेब्रुवारीनंतर चौथी. तिसरी भेट डिसेंबरअखेर झाली आणि चौथी 20 फेब्रुवारीला, तर मध्ये सात आठवडे रिकामे जातात. रक्तदाब चढायचा धोका याच दिवसांत मोठा. ती पोकळी 9 जानेवारी आणि 9 फेब्रुवारीच्या तपासणीनं भरायची. आणि नेमकी तेव्हाच ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघते. डोहाळजेवण झालं की गाव बदलतं, दवाखाना बदलतो, आशाताई बदलतात. तिकडच्या नर्सबाईंना मागचं काही ठाऊक नसतं. आता 136/86 दिसलेला रक्तदाब चौथ्या महिन्यात 104/64 होता, हे कार्डातच लिहिलेलं असतं. तो चढतो आहे, हे आकडे शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. त्यामुळं साड्यांच्या आधी कार्ड, रक्तगटाचा आणि सोनोग्राफीचे अहवाल बॅगेत गेले पाहिजेत.

कागदांचे रकाने

यादीतली कागदपत्रं कामगारांच्या लढ्यातून आणि सरकारी योजनांतून आली. प्रसूतीच्या लाभाचं विधेयक 1928 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात आलं तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाईला प्रसूतीआधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, ही त्यांची भूमिका होती. 1929 मध्ये मुंबई प्रांतात कायदा झाला, 1961 मध्ये देशभरासाठी, आणि 2017 मध्ये पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा 26 आठवडे झाली. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे अपेक्षित तारखेच्या आधी घेता येतात. आपल्या बाईला 20 जानेवारीपासून. कार्यालयात अर्ज करताना डॉक्टरांचं तारखेचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून ते डिसेंबरातच घ्यावं.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी 5000 रुपये मिळतात. पहिला हप्ता मिळायला पाळीपासून सहा महिन्यांच्या आत नोंदणी आणि किमान एक तपासणी व्हावी लागते, दुसऱ्यासाठी जन्मनोंदणी आणि बाळाच्या पहिल्या लसी. म्हणजे लवकर नोंदणी करण्यामागं आता पैशाचंही कारण आहे. यात अडतं ते आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव वेगळं असल्यामुळं, एकात माहेरचं आणि एकात सासरचं. ते दुरुस्त करायला आठवडे जातात. चौथ्या महिन्यातच पाहून घ्यावं.

जन्माची नोंद 21 दिवसांत विनाशुल्क होते. दवाखान्यात जन्म झाला तर माहिती दवाखाना कळवतो, पण आईवडिलांच्या नावांची अक्षरं फॉर्मवर स्वतः वाचून सही करावी. नाव ठरलं नसेल तरी दाखला निघतो. नाव वर्षभरात भरता येतं.

पिशवी, आणि तिच्या पुढचे दिवस

चरकांच्या सूतिकागृहातली हत्यारं आता दवाखान्याकडं गेली. पिशवीत उरतात सुती दुपटी, टोपडं, लंगोट, आईचे पुढून उघडणारे गाऊन, पॅड आणि कागद. मध मात्र त्या यादीतून काढावाच लागला. बाळ जन्मल्यावर मध-तूप चाटवायची रीत जुन्या ग्रंथांतली आहे, पण मधातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळं तान्ह्या बाळाला लुळेपणा येऊ शकतो, हे 1970 च्या दशकात कळलं. वर्षभर मध नाही आणि पहिल्या तासात आईचा चीक, ही आजची ओळ.

यादी बाळंतपणापाशी संपत नाही, हे गडचिरोलीनं शिकवलं. डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या ‘सर्च’नं 39 गावांत बायकांना प्रशिक्षण दिलं. त्या घरी जाऊन बाळाचं वजन घेत, श्वास मोजत, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करत. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. आज दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात, त्याची मुळं तिथं आहेत. 17 मार्चला जन्मलेल्या बाळासाठी शेवटची भेट 28 एप्रिलला. बाई माहेरी असेल तर तिथल्या आशाताईंना आधीच सांगून ठेवावं, नाही तर या भेटी सासरच्या गावात नोंदल्या जायची वाट पाहत राहतात.

आता ओळी वेगळ्या करता येतात. फॉलिक आम्ल, पहिली सोनोग्राफी, ऑक्टोबरातला अ‍ॅनॉमली स्कॅन आणि जानेवारी-फेब्रुवारीतला रक्तदाब यांना शरीराची मुदत आहे; त्या हलवता येत नाहीत. रजा, हप्ता आणि दाखल्याला कायद्याची मुदत आहे. चुकली तर हेलपाटे पडतात, पण मार्ग निघतो. डोहाळजेवणाचा दिवस आणि बाळाची खरेदी घरच्यांच्या सोयीची.

आणि काही ओळींना महिनाच नसतो. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढं अंधारी, चेहरा सुजणं, ताप, बाळाची हालचाल मंदावणं. चौथी भेट 20 फेब्रुवारीला लिहिली असली आणि डोकं 12 तारखेच्या रात्री ठणकू लागलं, तर 108 ला फोन करून 12 तारखेच्या रात्रीच निघायचं, कार्ड सोबत घेऊन.